दहाला दहा कमी : रॉक नाइटचे आभार

महाविद्यालयाच्या कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेची शेवटची ओळ ठरलेली असते : आभारप्रदर्शन. वक्तृत्व स्पर्धा असो, स्नेहसंमेलन असो की माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असो. पाहुणे उठायच्या तयारीत असतात, चहाचे कप खडखडत असतात, आणि कुणीतरी कागद हातात धरून ‘ज्ञात-अज्ञात हातांचे’ आभार मानत असतो. बंद सभागृहात हे खपून जातं. रॉक नाइटच्या पत्रिकेतही सांस्कृतिक सचिव सवयीनं ही ओळ शेवटीच लिहितो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मी महाविद्यालयांच्या कार्यक्रमांत बरीच वर्षं मिक्सरच्या टेबलामागे उभा राहत आलो आहे. तिथून मंचही दिसतो आणि गर्दीची पाठही. ही जागा विनोदी आहे, कारण आभार मानणारा काय बोलतोय आणि लोक काय करतायत हे एकाच वेळी दिसणारे आम्ही दोघं-तिघंच असतो. तिथून पाहून बनलेलं माझं मत असं, की रॉक नाइटचे आभार शेवटच्या गाण्यानंतर नव्हे, शेवटच्या गाण्याच्या आधी मानावेत. दोन मिनिटांत आटपावेत. आणि लिहिताना त्यांना शिष्टाचाराचा भाग न मानता मैदान रिकामं करण्याच्या कामाचा पहिला टप्पा मानावं.

आधी घड्याळाचं बघू. उघड्या मैदानातल्या कार्यक्रमावर रात्री दहाची तलवार असते. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातले फार तर पंधरा दिवस राज्य सरकार ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. पण ते दिवस बहुधा गणपती, नवरात्र अशांच्या वाट्याला जातात, तुमच्या फेस्टच्या नव्हे. शिवाय रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरू शकतो. मुंबईतल्या रॉकप्रेमींना याची किंमत चांगली ठाऊक आहे. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं, आणि त्या खुल्या नाट्यगृहानं शहराच्या दोन पिढ्यांना गिटार ऐकायला शिकवलं. पण शेजारी झेवियर्स महाविद्यालय आणि रुग्णालयं. शांतता क्षेत्राचा नियम लागू झाला आणि रंगभवनातल्या मैफली थांबल्या.

तर दहा म्हणजे दहा. आता मुख्य बँड नऊ पंचावन्नला थांबला, गर्दीनं ‘वन्स मोअर’चा धोशा लावला, बँडनं आणखी एक गाणं काढलं, की आभार मानणारीच्या हाती माइक येतो तो दहाला एक मिनिट कमी असताना. तिच्या कागदावर तेवीस नावं असतात. मैदानाच्या कडेला उभा असलेला पोलीस घड्याळाकडे बघत असतो. सहाव्या नावाला आवाज बंद होतो आणि ती ओठ हलवत राहते. मिक्सरवर बोट माझं असतं, त्यामुळे शिव्या मला मिळतात. तक्रार नाही.

पण समजा, घड्याळाची अडचण नाही. तरीही शेवटच्या गाण्यानंतरचे आभार कुणाला ऐकू येत नाहीत, आणि त्याला कारण गर्दीचा उद्धटपणा नसतो. कानांचं ते गणित आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची, नायॉशची, शिफारस अशी की ८५ डेसिबलमध्ये माणसानं आठ तासांहून अधिक राहू नये, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा करत जावं. शंभर डेसिबलला ही मुभा जेमतेम पंधरा मिनिटांवर येते. महाविद्यालयीन रॉक नाइटला मंचाजवळच्या पोरांच्या कानांवर शंभर डेसिबल सहज पडतात, तेही दोन-तीन तास. त्यानंतर कान तात्पुरते मंदावतात. सगळ्यात आधी मंदावतात ते वरच्या पट्टीचे स्वर, आणि स, श, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख नेमकी त्याच पट्टीवर अवलंबून असते. म्हणजे लोकांना बाई बोलतायत हे कळतं, काय बोलतायत ते कळत नाही. नावं तर मुळीच नाही, कारण नाव संदर्भावरून ओळखता येत नाही.

त्यात मैदानाचा प्रतिध्वनी. समोर साठ मीटरवर वसतिगृहाची इमारत असेल, तर बोललेला शब्द तिला आपटून परत यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा घेतो. बोलणाऱ्याला स्वतःचाच शब्द उशिरा ऐकू येतो आणि तो अडखळतो किंवा घाईनं रेटत सुटतो. गायकाच्या माइकवर ध्वनियोजकानं घुमारा सोडलेला असतो, तोच माइक हाती धरून आभार मानले तर प्राचार्यांचं नाव गुहेतून आल्यासारखं येतं. म्हणून आमची एक छोटी विनंती असते : निवेदनासाठी वेगळा, कोरडा माइक मागून घ्या आणि कार्यक्रमाआधी त्यावर एकदा बोलून बघा. माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरायचा. त्याची जाळी मुठीत आवळायची नाही, कारण तसं केलं की माइक सगळीकडचा आवाज उचलू लागतो आणि शिट्टी वाजते. वाक्य छोटं, आणि वाक्यानंतर इमारतीला उत्तर द्यायला सवड.

आता गर्दीचं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि आयोजक मुलं त्यावर सगळ्यात कमी बोलतात.

ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी एक मार्गदर्शिका आहे, तिला ‘ग्रीन गाइड’ म्हणतात. तिच्या हिशेबात सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला ८२ माणसं बाहेर पडू शकतात, आणि पायऱ्यांवरून ६६. हा आकडा शिस्तीत चालणाऱ्या लोकांचा आहे, एवढं लक्षात ठेवून आपल्या मैदानाचं गणित मांडू. तीन हजार प्रेक्षक आणि तीन मीटरचं एक फाटक. मिनिटाला अडीचशेच्या आसपास माणसं. म्हणजे सगळे एकदम निघाले तर बारा मिनिटं तरी फाटकाशी दाटी. त्याच रुंदीचं दुसरं फाटक उघडलं तर सहा. पण दुसरं फाटक बहुतेक महाविद्यालयांत कुलूपबंद असतं, आणि त्याची किल्ली ज्या रखवालदाराकडे असते त्याची पाळी आठला संपलेली असते.

गर्दी चेंगरते ती बहुधा दोन कारणांनी : सगळे एकाच क्षणी हलले, किंवा सगळे एकाच तोंडाकडे हलले. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात फेस्टच्या संगीतरात्रीआधी नेमकं हेच झालं. खुल्या रंगमंचाकडे उतरत्या पायऱ्यांची वाट होती. पाऊस आला, बाहेर थांबलेले लोक आडोशासाठी आत घुसले, पुढचे पायऱ्यांवर पडले आणि मागच्यांना ते दिसलंच नाही. चार जीव गेले. ती आत येणारी गर्दी होती, बाहेर जाणारी नव्हती. पण उतार, एक तोंड आणि मागच्यांना पुढचं न दिसणं, या तिन्ही गोष्टी कार्यक्रम सुटतानाही तिथेच असतात.

आता आभार शेवटच्या गाण्याच्या आधी आणून बघा. नऊ एकेचाळीसला मुख्य बँडचं उपान्त्य गाणं संपतं. गिटारवाला सूर लावायला घेतो, ढोलकरी पाणी पितो. मैदानावरचे बाजूचे दिवे अर्धे उजळतात. आयोजक मुलगी माइकवर येते. ज्यांना शेवटची लोकल गाठायची आहे, ज्यांच्या वसतिगृहाचं दार दहाला लागतं, किंवा ज्यांना भाषण नकोच असतं, ते या दोन मिनिटांत सावकाश निघतात. मी मिक्सरपाशी उभा राहून हे पुष्कळदा पाहिलं आहे : मागचा मोठा घोळका असा आपोआप पातळ होतो. पुढची मंडळी जागची हलत नाहीत, कारण त्यांना ठाऊक असतं की अजून एक गाणं आहे. कंटाळवाण्या भाषणाचा एवढा सदुपयोग दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही.

मग शेवटचं गाणं, सहा-सात मिनिटं. दहाला दहा कमी असताना ते संपतं. यानंतर भाषण नाही. फक्त फाटकांची सूचना, दोनदा. हलक्या आवाजात एखादं संथ गाणं लावून ठेवायचं, दिवे पूर्ण उजळायचे. एकदम शांतता झाली की लोक एकदम निघतात. संथ गाणं चालू असलं की रेंगाळतात, आणि इथे रेंगाळणं चांगलं. दहाला ते गाणंही बंद.

बँडच्या व्यवस्थापकाला हे आधी सांगावं लागतं. भरात आलेला कार्यक्रम मधेच थांबवणं कुठल्याच कलावंताला आवडत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. पण दुपारी ध्वनिचाचणीच्या वेळी गाण्यांची यादी समोर ठेवून विचारलं, की ‘दादा, शेवटच्या गाण्याआधी तुम्हाला गिटार बदलायची आहे ना, तेवढी दोन मिनिटं आम्हाला द्याल का?’ तर बहुतेक जण देतात. रात्री मंचाच्या कडेला उभं राहून हातवारे करत मागितली तर मिळत नाहीत.

आता नावं. कुणाची घ्यायची?

प्रायोजकांची यादी या भाषणात नकोच. प्रायोजकाशी झालेल्या करारात बहुतेकदा मंचावरून किती वेळा नाव घ्यायचं ते लिहिलेलं असतं. ती उधारी दोन बँडच्या मधल्या वेळात निवेदकानं फेडून टाकावी. एक बँड उतरून दुसरा चढायला पंधरा मिनिटं लागतात आणि तेव्हा लोकांना तसंही काही ऐकायचं नसतं. प्राचार्य, विश्वस्त, प्रमुख पाहुणे यांचा सत्कार सुरुवातीला झालेला असतो. शेवटी प्राचार्यांना एक वाक्य पुरे, आणि तेही नेमकं हवं : त्यांनी सही केली याबद्दल. कारण पोलीस ठाण्याचा ध्वनिक्षेपक परवाना, अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र, रुग्णवाहिका, वाजणाऱ्या संगीताच्या हक्कांचं शुल्क, या प्रत्येक अर्जाखाली त्यांची सही असते, आणि काही बिघडलं तर बोलावणं त्यांना येतं. ‘त्यांच्या ऋणात राहणेच मी पसंत करेन’ हे वाक्य मात्र कृपया घरी ठेवा. रॉकच्या गर्दीसमोर ते ज्या वेगानं मरतं तसं मी दुसरं काही मरताना पाहिलेलं नाही.

ज्यांचं नाव राहून जातं त्यांत माझ्या मते पहिला मान जनरेटरवाल्याचा. तो मंचामागे पन्नास मीटरवर, त्या धडधडणाऱ्या पेटाऱ्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला असतो आणि त्यानं कार्यक्रमाचं एकही गाणं ऐकलेलं नसतं. त्याचं काम नुसतं डिझेल ओतणं नव्हे. वीज येते तीन फेज आणि एका न्यूट्रलवर. न्यूट्रलचा सांधा ढिला पडला तर २३० व्होल्टवर चालणाऱ्या यंत्राच्या वाट्याला साडेतीनशे किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट येऊ शकतात, आणि मिक्सर, कीबोर्ड, ॲम्प्लिफायर एका झटक्यात जळतात. याची खूण म्हणजे एका ओळीतले दिवे अचानक जास्त प्रखर होतात आणि दुसरीतले मंदावतात. कसलेला जनरेटरवाला ती खूण दिसताच मुख्य खटका पाडतो; कच्चा माणूस आधी फोन लावतो. जमिनीत अर्थिंगचा गज नीट पुरला आहे ना, तिथे पाणी ओतलं आहे ना, हेही तोच पाहतो. अर्थिंग कच्चं असेल आणि गिटारवाल्यानं तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावला, तर ओठाला झटका बसतो. कधी नुसता चुरचुरीत, कधी प्राणघातक. प्रकाशाची आणि ध्वनीची वीज वेगवेगळ्या जनरेटरवर ठेवली तर दिवे मंद-प्रखर करताना स्पीकरमध्ये शिरणारी गुणगुण टळते, म्हणून मोठ्या कार्यक्रमात दोन जनरेटर असतात. ही गुणगुण तुम्हाला ऐकू आली नसेल, तर कुणीतरी दुपारी दोनपासून तारा तपासत होतं असं समजा.

दुसरा मान पहिल्या बँडचा. याचं कारण सांगतो. ध्वनिचाचणी नेहमी उलट्या क्रमानं होते. रात्री शेवटी वाजवणाऱ्या मुख्य बँडची चाचणी सर्वांत आधी, दुपारी. मग त्याच्या आधीचा. आणि संध्याकाळी पहिल्यांदा वाजवणारा बँड सर्वांत शेवटी. म्हणजे त्याची मांडणी मंचावर तशीच राहते आणि कार्यक्रम लगेच सुरू करता येतो. युक्ती चांगली आहे. पण मुख्य बँडची चाचणी लांबली की कात्री लागते ती पहिल्या बँडला, आणि मुख्य बँडची चाचणी नेहमीच लांबते. पुण्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात असं झालं की मुख्य बँडनं एकट्या ढोलाच्या आवाजावर तास घालवला आणि स्थानिक मुलांच्या बँडला चाचणीच मिळाली नाही. ढोलाचा संच सगळ्यांना सामायिक असतो, पण स्नेअर, झांजा आणि पायपट्टी प्रत्येक वादक आपली आणतो. ती बसवायला त्या पोराला चार मिनिटं मिळाली. मंचावरच्या स्पीकरमध्ये गायिकेला स्वतःचा आवाज येत नव्हता. तिनं बोटानं कान दाबून, हाडातून येणारा सूर धरून पहिलं गाणं म्हटलं. समोर फार तर चाळीस जण होते, त्यातले निम्मे खाण्याच्या गाड्यांकडे तोंड करून.

त्याच रात्री, आठवणीवरून सांगतो, तिसऱ्या वर्षाच्या आयोजक मुलीनं मानलेले आभार साधारण असे होते :

‘शेवटच्या गाण्याआधी दोन मिनिटं. बसायची गरज नाही. आज संध्याकाळी पाचला या मैदानात चाळीस जण होते. तेव्हा आपल्याच कॉलेजच्या बँडनं चाचणीशिवाय वाजवलं. ते पाच जण आत्ता तुमच्या डाव्या हाताला उभे आहेत. त्यांच्यासाठी एकदा आवाज. (थांबली.) मंचामागे जनरेटरवर काका आहेत. त्यांना हे ऐकू येणार नाही, म्हणून कार्यक्रमानंतर मी त्यांना जाऊन सांगणार आहे. साउंड, लाइट आणि मांडववाले दादा पहाटे चारपर्यंत सामान उतरवणार आहेत. त्यांच्या वाटेत उभे राहू नका, हेच त्यांचे आभार. सरांनी सगळ्या अर्जांवर सही केली, थँक यू सर. फाटकाबाहेरच्या सोसायटीनं तीन दिवस आपल्याला सहन केलं. त्यांच्या गेटसमोर गाड्या सुरू करून हॉर्न मारू नका. जाताना दोन्ही फाटकं उघडी आहेत. पार्किंगवाल्यांनी मागचं घ्या, बस आणि स्टेशनवाल्यांनी पुढचं. मी हे गाणं संपल्यावर पुन्हा सांगणार आहे. आता गाणं.’

मी तेव्हा घड्याळ पाहिलं होतं. दोन मिनिटांच्या आत झालं. या भाषणात मला आवडलेली गोष्ट अशी की प्रत्येक आभाराला एक काम जोडलेलं आहे. मांडववाल्यांचे आभार म्हणजे वाट मोकळी ठेवा. सोसायटीचे आभार म्हणजे हॉर्न नको. लोक नावं विसरतात, पण सूचना आणि तिचं कारण एकत्र मिळालं तर पाळतात, निदान बरेच जण पाळतात. ‘मागचं फाटक’ हे शब्द तिनं हात वर करून, मागे बोट दाखवून म्हटले, कारण मंदावलेल्या कानांना डोळ्यांची मदत लागते. त्या दिवशी स्वयंसेवकांनीही फाटकापाशी वर धरलेल्या टॉर्चनं वाट दाखवली, आणि मागच्या फाटकाची किल्ली दुपारीच तिच्या खिशात आली होती.

एक गोष्ट तिच्या हातून सुटली, आणि ती बहुतेकांच्या हातून सुटते : सफाई कामगार. ते साडेदहाला येतात, तेव्हा आभार मानणारी झोपेनं पेंगत असते आणि टाळ्या वाजवणारे घरी गेलेले असतात. त्यांचा उल्लेख मंचावरून करण्यापेक्षा त्यांच्यासाठी जेवणाची पाकिटं राखून ठेवणं बरं. स्वयंसेवकांसाठी मागवलेलं खाणं साडेनऊला संपतं, हे धरून चालावं.

आणखी एक आभार राहतात, ते कागदावरचे. ते कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात पाठवायचे. पोलीस ठाण्याला एक पत्र : ध्वनिक्षेपक दहाला बंद केला, मैदान सव्वादहाला रिकामं झालं, अनुचित प्रकार नाही, बंदोबस्ताबद्दल आभार. शेजारच्या सोसायटीच्या सचिवांना एक. नियमाप्रमाणे कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबलच्या वर किंवा ७५ डेसिबलच्या वर, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. ते तुम्ही हद्दीवर उभं राहून मोजलं असेल, तर नोंदी त्या पत्रासोबत जोडा. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे हद्दीवर ६५. रॉक नाइटला हे पाळणं अवघड जातं, आणि सोसायटीला ते तुमच्याइतकंच ठाऊक असतं. म्हणून आकडा जास्त आला असेल तर तोही लिहा आणि पुढच्या वर्षी स्पीकरची तोंडं कुठल्या दिशेला वळवणार ते लिहा. पत्राची पोच घेऊन फाइलला लावा. पुढच्या डिसेंबरात नवा सांस्कृतिक सचिव परवान्यासाठी त्याच टेबलासमोर उभा राहील तेव्हा टेबलापलीकडचा अधिकारी बदललेला असेल, आणि मागच्या वर्षी काय झालं याचा त्याच्यासमोरचा पुरावा बहुधा तेवढा एकच कागद असेल.